चौघांचा पहिला प्रश्न

घर बदलायचे म्हटले की कपाटे, भांडी, पुस्तके, तुळशीची कुंडी, इतकेच काय पण लोणच्याची बरणीसुद्धा टेंपोत घालून नेता येते. शिंपी तेवढा नेता येत नाही. कोपऱ्यावर बसून चपला शिवणारे काका नेता येत नाहीत, हाक मारताच सायकल टाकून येणारा वायरमन नेता येत नाही, आणि फ्रीजच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारा धन्वंतरीही जुन्याच पेठेत मागे राहतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून तेथे इमारत उभी करायचे ठरले आणि आम्ही वारज्याला राहायला आलो, तेव्हा दूधवाला दुसऱ्या दिवशी मिळाला, वाणी तिसऱ्या दिवशी मिळाला. या चौघांना शोधायला मात्र पावसाळा सरून दिवाळी तोंडावर यावी लागली.

त्या चार महिन्यांत जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. दिवाळीच्या आगेमागे नव्या घरात राहायला जाणारी कुटुंबे थोडी नसतात. त्यांना फराळाचे जिन्नस कोठे मिळतात हे सांगणारे पुष्कळ भेटतील. ब्लाउज कोठे टाकावा, हे सांगणारा मात्र सहसा भेटत नाही.

पहिली अडचण म्हणजे विचारायचे कोणाला? शेजारी भला माणूस असतो, पण त्याची साक्ष कामाची नसते. "आमचा इलेक्ट्रिशियन उत्तम आहे," असे तो म्हणतो, याचा अर्थ एवढाच की तो बोलावल्यावर येतो आणि गोड बोलतो. भिंतीच्या आत त्याने काय जोडले आहे, ते शेजाऱ्याने पाहिलेले नसते. म्हणून आमच्या आईने एक वेगळीच वाट सुचवली. ती म्हणाली, "अरे, कपडा चांगला शिवलाय की नाही हे घालणाऱ्याला काय विचारतोस? इस्त्रीवाल्याला विचार."

हे बोल लाखमोलाचे ठरले. इस्त्रीवाला साऱ्या वसाहतीचे कपडे उलटेसुलटे करून पाहत असतो. कोणाच्या शिवणी चुरगळतात, कोणाच्या कॉलरला फुगे येतात, कोणाचे अस्तर आखडून वरचे कापड गोळा होते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याच न्यायाने वायरमनची चौकशी विजेच्या सामानाच्या दुकानात करावी. कोण तारेची योग्य जाडी मागून घेतो आणि कोण "जी स्वस्त असेल ती द्या" म्हणतो, हे दुकानदार रोज पाहत असतो. फ्रीज आणि धुलाईयंत्र दुरुस्त करणाऱ्यांचा पत्ता त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतो. थोडक्यात, कामाची आतली बाजू ज्याला दिसते त्याला विचारावे.

नाव मिळाले म्हणजे सगळे झाले असे नाही. पुढची परीक्षा आपणच घ्यायची असते, आणि ती भावावरून घेता येत नाही. माझा अनुभव असा की कारागीर काम हाती घेण्यापूर्वी पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावर निम्मा निकाल लागतो. आणि उरलेला निम्मा, झालेले काम उलटून पाहिल्यावर.

प्रथम शिंप्याचे पाहू. त्याला आपल्याकडे 'मास्तर' म्हणतात. मीही पेशाने मास्तरच, त्यामुळे इस्त्रीवाल्याने सांगितलेल्या दुकानात मी थोड्या बंधुभावानेच गेलो. पत्नीने मात्र भावनेला थारा दिला नाही. तिच्याजवळ भाचीच्या लग्नासाठी घेतलेल्या रेशमी साडीचे ब्लाउजपीस होते. पण ते तिने घरीच ठेवले आणि साधे सुती कापड, त्याचे अस्तर आणि अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज मापासाठी बरोबर घेतला. पहिले काम नेहमी असे द्यावे की जे बिघडले तर हळहळ वाटेल, पण रडू येणार नाही.

मास्तरांनी माप घेण्यापूर्वी अस्तर दोन बोटांत चोळून पाहिले आणि विचारले, "वहिनी, अस्तर पाण्यातून काढलंय का?"

तेथेच पत्नीचा चेहरा खुलला. या प्रश्नाचे मर्म असे आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. वरचे कापड रेशमी किंवा कृत्रिम धाग्याचे असेल तर ते फारसे आटत नाही, पण आतले सुती अस्तर आटते. मग ब्लाउज शिवून आला त्या दिवशी सुरेख बसतो आणि पहिल्या धुण्यानंतर आतून आखडून वर सुरकुत्या धरतो. लोक म्हणतात, कापड वाईट निघाले. दोष कापडाचा नसतो. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग कापले असते तर काहीच झाले नसते. जो शिंपी हे विचारतो, तो कपडा दुकानातून बाहेर पडल्यानंतरचाही विचार करतो. जो विचारत नाही, त्याचा हिशेब गल्ल्यापाशी संपतो.

ठरलेल्या दिवशी ब्लाउज आला. आमच्या घरी तो आधी अंगात घालून पाहिला गेला नाही; आधी उलटा करून पाहिला गेला. काखेखालच्या शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना सुमारे 1 इंच कापड राखलेले होते. याला शिवणकामात 'माया' म्हणतात. मराठीचा अध्यापक म्हणून हा शब्द मला फार आवडतो: पुढेमागे माणूस अंगाने भरला तर त्याला सामावून घेण्यासाठी शिंप्याने आतल्या आत राखलेली जागा, तिचे नाव माया! ही माया न ठेवता कापड काठोकाठ कापणारा शिंपी दिसायला नीटनेटके काम करतो, पण वर्षाने ब्लाउज सैल करायची वेळ आली की उसवायला काही उरत नाही. पुरुषांच्या पँटीतही कमरेच्या मागच्या शिवणीत हीच माया पाहावी.

पुढची खूण मुंढ्याची. बाही जेथे खांद्याला जोडतात त्या गोल शिवणीत घोळ किंवा चुण्या पडल्या असतील, तर हात वर करताच सगळा ब्लाउज वर उचलला जातो. हात वर करून, फळीवरचा डबा काढल्यासारखे करून पाहावे. आरशासमोर ताठ उभे राहिल्यावर कोणताही कपडा बराच बसतो. पत्नीने डबा काढून पाहिला, ब्लाउज जागचा हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी रेशमी कापड मास्तरांच्या हवाली झाले. एक गोष्ट मात्र वेळेवर करावी. दसरा उलटला की चांगल्या शिंप्यांच्या दुकानात नव्या कामाला 'बंद'ची पाटी लागते. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात जो हसतमुखाने काम घेतो, तो ते स्वतः शिवणार की आणखी कोणाकडून शिवून घेणार, हे विचारायला हरकत नाही.

आता चपला-बुटांकडे वळू. या कामाला सरकारी भाषेत 'गटई काम' म्हणतात, आणि रस्त्याकडेला बसणाऱ्या या कारागिरांना महाराष्ट्र शासनाच्या समाजकल्याण खात्याच्या योजनेतून पत्र्याचे स्टॉल दिले जातात. अशाच एका स्टॉलमध्ये, बसथांब्याच्या मागे, आमच्या भागातले काका बसतात. त्यांना शोधावे लागले नाही; जोखावे मात्र लागले.

माझ्याजवळ समारंभासाठी जपलेले काळे बूट होते. तीन वर्षांत ते पाच-सहा वेळाच पायात चढले असतील. श्रावणात एका सत्काराला जाताना त्यातल्या एकाने वाटेतच जबडा उघडला. तळ पुढून सुटून लोंबू लागला. तो कागदात गुंडाळून मी प्रथम रस्त्याच्या वळणावर बसणाऱ्या एका तरुणाकडे नेला. त्याने ट्यूब पिळली, तळ दाबला, वर दोन ठोके मारले आणि पाच मिनिटांत बूट परत दिला. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा उघडला. मग मी काकांकडे गेलो.

काकांनी ट्यूबला हातच लावला नाही. त्यांनी तळाच्या कडेत अंगठ्याचे नख रुतवले, आणि नखाखालून पिठासारखा चुरा गळला. मग त्यांनी विचारले, "सर, हे खोक्यात किती दिवस होते?"

प्रश्न बुटाच्या वयाचा नव्हता, खोक्याचा होता. आणि त्यातच त्यांची विद्या होती. हलक्या, मऊ, फेसाळ तळांचे जे बूट हल्ली मिळतात, त्यांपैकी पुष्कळांचे तळ पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचे असतात. हवेतली ओल या पदार्थात मुरते आणि त्याची घडण आतून हळूहळू मोडत जाते. वापर नसला तरी ही क्रिया थांबत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात बंद खोक्यात ओल कोंडली तर तिला अधिकच वाव मिळतो. काही वर्षांत तळ भुसभुशीत होतो. अशा तळाला कितीही उत्तम चिकटद्रव्य लावले तरी उपयोग नाही. चिकट पदार्थ आपले काम करतो, पण ज्याला तो चिकटला तोच थर सुटून येतो; ओल्या भिंतीवरच्या रंगाचे पापुद्रे निघतात, तसेच हे.

काका म्हणाले, "वरचं चामडं खणखणीत आहे. खालचं सगळं काढून रबराचा तळ लावू. पण आज मिळणार नाही, उद्या संध्याकाळी या."

'आज मिळणार नाही' हे वाक्य ऐकून कोणी नाराज होऊ नये. तळ चिकटवण्याची रीतच अशी आहे की ती पाच मिनिटांत उरकत नाही. जुना चिकटा खरवडून काढावा लागतो. दोन्ही पृष्ठभाग कानशीने खरखरीत करावे लागतात, कारण गुळगुळीत भागावर पकड बसत नाही. मग चिकटद्रव्य दोन्हींवर लावायचे, एकावर नव्हे. आणि ते बोटाला जेमतेम चिकटेल इतके, म्हणजे सुमारे 10-15 मिनिटे, सुकू द्यायचे. त्यानंतरच दोन्ही भाग एकमेकांवर बसवून सगळीकडून ठोकायचे आणि काही तास दाबाखाली ठेवायचे. ओले असतानाच चिकटवले तर आतला द्राव कोंडून राहतो आणि जोड कधीच पक्का होत नाही. पाच मिनिटांत परत मिळालेल्या बुटाची कथा एवढीच होती.

काकांनी याउपर तळाच्या कडेने आरीने टाके घातले. ते घालण्यापूर्वी त्यांनी तळाला रापीने बारीक खाच पाडली आणि दोरा त्या खाचेत बसवला. दोरा तळाच्या वर राहिला तर रस्त्यावर घासून महिन्याभरात तुटतो. खाचेत राहिला तर तळाबरोबर जगतो. दुरुस्त झालेला बूट घरी नेण्यापूर्वी आपण तो हातात घेऊन, बोटे जेथे वाकतात तेथे वाकवून पाहावा. तेथे तळ आणि चामडे यांत नखाएवढीही फट दिसली तर तो तेथेच परत द्यावा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. काकांनी तर बूट स्वतःच वाकवून दाखवला.

शिंपी चुकला तर कपडा जातो, चांभारकाम चुकले तर बूट जातो. विजेचे काम चुकले तर माणूस जातो. म्हणून या तिसऱ्या गृहस्थाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

नव्या घरात आल्यावर पंधरा दिवसांतच गीझर चालू केला की साऱ्या घराची वीज जाऊ लागली. मीटरजवळच्या डब्यातली एक मोठी कळ खाली पडायची. फोनवरून बोलावलेला एक चुणचुणीत तरुण आला. त्याने ती कळ दोनदा वर केली, ती दोनदा पडली. त्यावर तो म्हणाला, "सर, ही कळच नाजूक आहे. काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो. पुन्हा त्रास नाही." आईला अंघोळीची घाई होती, मला तासाची घाई होती. तरी पत्नीने त्याला चहा देऊन वाटेला लावले. आणि तिने ते केले हे फार बरे झाले.

घरातल्या त्या डब्यात दोन जातींच्या कळा असतात, आणि त्यांची कामे निरनिराळी असतात. लहान कळांना एम.सी.बी. म्हणतात. तारेला झेपेल त्याहून जास्त वीज ओढली गेली की त्या पडतात. म्हणजे त्या तारेच्या रखवालदार आहेत. म्हणूनच एखादी लहान कळ वारंवार पडते म्हणून तिच्या जागी नुसती मोठ्या क्षमतेची कळ बसवणे धोक्याचे असते. कळ पडत नाही, पण भिंतीतली तार तापत राहते. दुसरी जात मोठ्या कळेची. तिला आर.सी.सी.बी. म्हणतात, आणि ती माणसाची रखवालदार आहे. एका तारेने घरात शिरलेली वीज दुसऱ्या तारेने तितकीच परत जाते की नाही, याचा ती अखंड हिशेब ठेवते. घरांत बसवतात त्या कळेच्या हिशेबात 30 मिलिअँपिअरची, म्हणजे अगदी थोडी, तूट आली तरी ती क्षणार्धात वीज तोडते. तूट आली याचा अर्थ वीज भलत्याच वाटेने, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, जमिनीत जात आहे. ही कळ 'नाजूक' असते ती याचसाठी. ती काढून 'डायरेक्ट' करणे म्हणजे भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा हाकलून देणे.

विजेच्या सामानाच्या दुकानदाराने दुसऱ्या एका वायरमनचे नाव सांगितले. महाराष्ट्रात या कामाचा शासकीय परवाना असतो; त्याला 'तारतंत्री परवाना' असे भारदस्त नाव आहे. तो दाखवा म्हटल्यावर या गृहस्थांनी पाकिटातून काढून दाखवला. परवान्यावरून शिक्षण कळते, सचोटी कळत नाही, हे खरे. तरी जो दाखवायला संकोचतो त्याच्याविषयी बरेच कळते.

त्यांचा पहिला प्रश्न असा होता: "लहान कळ पडते की मोठी?" मोठी म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे वीज कुठंतरी गळतीय. आधी कुठं ते बघू." त्यांनी गीझरचा प्लग काढला आणि मोठी कळ वर केली, ती टिकली. दिवे, पंखे, फ्रीज सगळे चालू केले, तरी टिकली. प्लग लावून गीझर चालू केला, पडली. एवढ्यावर दोष घराच्या तारांत नसून गीझरात आहे हे सिद्ध झाले, आणि त्यासाठी भिंत फोडावी लागली नाही.

मग त्यांनी मुख्य वीज बंद केली, प्लग पुन्हा काढला, गीझरचे खालचे झाकण उघडले आणि मीटर लावला. पाणी तापवणाऱ्या कांडीच्या दोन टोकांमध्ये 26 ओहम दाखवले. आमचा गीझर 2000 वॉटचा आहे, त्याला तेवढेच हवे. परंतु एक टोक आणि गीझरचे लोखंडी अंग यांच्यात मीटरने काहीच दाखवायला नको होते, तेथेही आकडा हलला. बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून कांडीवरचे धातूचे आवरण एका जागी खाल्ले गेले होते आणि तेथून वीज पाण्यात उतरत होती. कांडी आणि तिच्या बुडाचा रबरी वायसर बदलला, टाकीतला क्षाराचा गाळ काढला, आणि काम झाले. ती मोठी कळ काढून टाकली असती तर? आमच्या आईच्या अंघोळीच्या पाण्याचे आणि तिच्या जिवाचे रक्षण मग एकट्या अर्थिंगच्या तारेवर उरले असते.

आणि अर्थिंगची तार तरी शाबूत आहे की नाही, हे नव्या घरात कोणाला ठाऊक असते? म्हणून नव्या वायरमनला पहिले काम द्यायचे ते हेच द्यावे. ट्यूब बदलण्यावरून त्याची पारख होत नाही. त्याला म्हणावे, "आमच्या सगळ्या तीन-पिनी प्लगांचे अर्थिंग तपासून द्या." पेचकसासारखा टेस्टर खुपसून, दिवा लागला म्हणून 'ओके' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा, कारण टेस्टर फक्त जिवंत तार कोणती ते सांगतो, अर्थिंग आहे की नाही ते त्याला सांगता येत नाही. जाणता माणूस मीटर काढतो आणि प्रत्येक प्लगवर तीन मापे घेतो. आमच्या स्वयंपाकघरात जिवंत तार आणि परतीची तार यांत 231 व्होल्ट भरले, जिवंत तार आणि अर्थिंग यांत 229, आणि परतीची तार व अर्थिंग यांत 2. पहिली दोन मापे जवळजवळ सारखी आणि तिसरे अगदी लहान, असे असावे. न्हाणीघराशेजारच्या प्लगवर मात्र दुसरे माप धड स्थिर राहीना. उघडून पाहता अर्थिंगची हिरवी तार स्क्रूमधून निसटून मोकळी लोंबत होती. धुलाईयंत्र त्याच प्लगवर चालत होते! काम पाच मिनिटांचे होते, पण ते सापडायला मीटर लागला. हे काम वायरमननेच करायचे; आपण करायचे एवढेच की मोठ्या कळेवर 'टी' अक्षराचे बारीक बटण असते ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. दाबताच कळ पडली पाहिजे. न पडली तर लगेच वायरमनला बोलवावे.

चौथे गृहस्थ घरगुती यंत्रांचे वैद्य. यांच्या बाबतीत नवख्या कुटुंबाला सर्वांत महाग पडणारा शब्द म्हणजे 'गॅस'. गणपतीच्या दिवसांत आमच्या फ्रीजचा खालचा कप्पा गार होईना. मुलीने इंटरनेटवर त्या कंपनीचा म्हणून जो क्रमांक सापडला तो लावला. पलीकडच्या माणसाने फ्रीज न पाहताच सांगितले की गॅस संपला आहे, भरावा लागेल, आणि आधी काही रक्कम मोबाइलवरून पाठवा. मुलीने फोन ठेवला आणि फ्रीजबरोबर आलेले हमीपत्र काढून पाहिले. त्यावरचा क्रमांक अगदी वेगळा होता. कंपनीचा माणूस हवा असेल तर क्रमांक हमीपत्रावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. शोधात वर येणारा क्रमांक कंपनीचाच असतो असे नाही, आणि अशा बनावट क्रमांकांवरून पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास घडतात.

आमच्या फ्रीजची हमी संपली होती, म्हणून सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून एका कारागिराचा पत्ता आणला. त्याने फोनवरच विचारले, "ताई, वरच्या खणात बर्फ होतोय का?" होतो म्हटल्यावर तो म्हणाला, "मग गॅसचं नाव काढू नका. येऊन बघतो."

यातले तर्कशास्त्र सोपे आहे. फ्रीजमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि फ्रीजच्या अखेरपर्यंत तोच पुरायला हवा. कमी झाला असेल तर कोठेतरी नळीला छिद्र आहे. आणि छिद्र न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय गॅस गेला असता तर वरचा खणही गार झाला नसता. हल्लीच्या आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये थंडी वरच्या खणामागच्या नळ्यांवर तयार होते आणि एक लहान पंखा ती झडपेतून खाली ढकलतो. नळ्यांवर साचणारे दहिवर दिवसातून काही वेळा एक हीटर वितळवून टाकतो. तो हीटर किंवा त्याला वेळ सांगणारा सेन्सर बिघडला की नळ्यांवर बर्फाची भिंत चढते, हवेची वाट बुजते, आणि वर हिवाळा, खाली उन्हाळा असा प्रकार होतो. कारागिराने वरच्या खणाची मागची फळी काढली तेव्हा पांढरीशुभ्र बर्फाची लादीच दिसली. हीटर मीटरवर ठीक निघाला, सेन्सर गेलेला होता. तो बदलून दिला. जुना सेन्सर त्याने न मागता मुलीच्या हातावर ठेवला, आणि बिलावर भागाचे नाव, किंमत आणि मजुरी निरनिराळी लिहिली.

वाचकांना हीच पारख घरी करता येईल. फ्रीज बंद करून, प्लग काढून, दारे उघडी टाकून एक अख्खा दिवस ठेवावा. खाली पाण्यासाठी पोतेरे घालावे. नंतर चालू केल्यावर तो चार-आठ दिवस उत्तम गार करून पुन्हा खालून तापू लागला, तर दोष बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेत आहे असे समजावे. मात्र वरचा खणही गार होत नसेल तर ही परीक्षा लागू नाही. तेव्हा गॅस, कॉम्प्रेसर किंवा आणखी काही असू शकते. गॅस खरोखरच गेला असेल तर कारागिराला दोन गोष्टी विचाराव्यात: छिद्र कोठे सापडले, आणि गॅस वजन करून भरणार का? फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचे नाव आणि ग्रॅममधले वजन छापलेले असते. त्यावर 'आर 600 ए' असेल तर तो गॅस ज्वालाग्राही असतो. तेथे खिडक्या उघडून, शेगडी बंद ठेवून, जाणत्या माणसानेच हात घालावा.

असे हे चौघे. आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर प्रत्येकाचा फोन, काय काम केले, कोणत्या तारखेला, किती पैसे दिले आणि कोणता भाग बदलला, हे मुलीच्या वळणदार अक्षरात लिहिलेले असते. वायरमनच्या नावापुढे 'अर्थिंग तपासले, पुन्हा वर्षाने' अशी नोंद आहे, आणि काकांच्या नावापुढे 'गुरुवारी बसत नाहीत' अशी. मास्तरांच्या नावापुढे पत्नीने स्वतः लाल शाईने लिहिले आहे: 'दिवाळीचे कापड दसऱ्याच्या आत टाकणे. अस्तर घरूनच भिजवून नेणे.'